गुलाबी फुलातला लाल जातो कुठे?

गुलबक्षीला कुणी मुद्दाम खत घालत नाही. कुंपणाच्या कडेला, विहिरीपाशी, मोरीच्या पाण्यावर ती आपली आपण वाढते. दुपारी चारच्या सुमारास तिच्या कळ्या उमलायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की फुलं मिटून लोंबतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं. महाराष्ट्रात मात्र ते इतकं रुळलं आहे की कुणाला ते परकं वाटत नाही. आनुवंशशास्त्राच्या इतिहासातही या साध्या झाडाला पक्की जागा आहे. 1900 साली मेंडेलचं विसरलेलं काम ज्या तिघांनी पुन्हा उजेडात आणलं, त्यांतल्या कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने गुलबक्षीवरही संकर केले, आणि मेंडेलच्या वाटाण्यात जे कधी दिसलं नव्हतं ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसलं.

मेंडेलचा वाटाणा बहुतेकांना शाळेपासून आठवतो. जांभळ्या फुलांचं झाड आणि पांढऱ्या फुलांचं झाड यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी झाडं जांभळ्या फुलांची येतात. त्यांचं बी पेरलं की पुढच्या पिढीत पांढरी परत येतात, पण साधारण चारांत एक. मेंडेलने मोजलेली झाडं होती 705 जांभळी आणि 224 पांढरी. जांभळा प्रभावी, पांढरा अप्रभावी, गुणोत्तर तीनास एक.

गुलबक्षीत शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्या झाडाचा संकर केला की पहिली पिढी लाल येत नाही, पांढरीही येत नाही. सगळी झाडं गुलाबी येतात. दोघांपैकी कुणीच पूर्ण वरचढ ठरत नाही, म्हणून याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. पण खरी गंमत पुढच्या पिढीत आहे.

ज्याला हे स्वतः करून पाहायचं असेल त्याने पांढरं झाड आई म्हणून निवडावं. कारण लगेच कळेल. गुलबक्षीच्या फुलात पाच पुंकेसर असतात आणि मधून एक लांब कुक्षिवृंत बाहेर येतो. त्याच्या टोकाला कुक्षी असते, परागकण तिथे पडले की फलन होतं. ज्याला आपण पाकळ्या समजतो तो खरं तर रंगीत निदलपुंज आहे, या फुलाला पाकळ्याच नसतात. संध्याकाळी उमलणारी टपोरी कळी दुपारीच हेरायची, तिला सुईने उभी चीर द्यायची आणि बारीक चिमट्याने पाचही परागकोश फुटण्याआधी काढून टाकायचे. मग कळीवर पातळ कागदाची पिशवी बांधायची. संध्याकाळी लाल फुलातला परागकोश आणून कुक्षीवर टेकवायचा, पिशवी परत बांधायची आणि देठाला रंगीत दोरा लावून ठेवायचा.

गुलबक्षीचे परागकण चांगले मोठे असतात. त्यामुळे या झाडावर फार बारकाईचे प्रयोगही झाले आहेत. फलनाला किती परागकण लागतात, या त्या काळच्या वादात खुद्द मेंडेलने गुलबक्षीच्या कुक्षीवर एकेकच परागकण ठेवून पाहिला होता, आणि एक पुरतो असं त्याने कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1870 मध्ये कळवलं होतं.

एका फुलातून एकच बी मिळतं, मिऱ्याएवढं, काळं आणि सुरकुतलेलं. म्हणजे चाळीस झाडं हवी असतील तर निदान चाळीस फुलं हाताळायला हवीत. चुकण्याची जागाही इथेच आहे. गुलबक्षीला बाहेरच्या परागाची वाट पाहण्याची गरज नसते. फूल कोमेजताना पुंकेसर आणि कुक्षिवृंत वळून एकमेकांत गुंततात आणि स्वपरागण होऊन जातं. एखादा परागकोश राहून गेला की बी संकराचं न होता आईचंच होतं. आई पांढरी असेल तर अशा बियांतून पांढरी झाडं येतात आणि खऱ्या संकराच्या बियांतून गुलाबी. पहिल्या पिढीत पांढरं झाड दिसलं की समजायचं, त्या कळीत काहीतरी राहिलं होतं. मेंडेलच्या वाटाण्यात जांभळं झाड आई असतं, तर ही चूक फुलाच्या रंगावरून पकडता आली नसती, कारण तिथे संकराचं झाड आणि आईच्या स्वपरागणातून आलेलं झाड दोन्ही सारखीच जांभळी.

आता गुलाबी झाडांकडे वळू. या प्रत्येक झाडाकडे रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक लाल वळणाची आणि एक पांढऱ्या वळणाची. सोयीसाठी त्यांना ‘ल’ आणि ‘प’ म्हणू. शुद्ध लाल झाड लल, शुद्ध पांढरं पप आणि गुलाबी लप. गुलाबी झाड परागकण तयार करतं तेव्हा प्रत्येक कणात दोहोंपैकी एकच प्रत जाते, त्यामुळे निम्म्या कणांत ल आणि निम्म्यांत प. बीजांडांचंही तेच. गुलाबी फुलाचं स्वपरागण होऊ दिलं की ल कण ल बीजांडाला भेटण्याची शक्यता पाव, प कण प बीजांडाला भेटण्याची पाव. उरलेला अर्धा भाग मिश्र जोड्यांचा, कारण मिश्र जोडी दोन वाटांनी जमते, परागाकडून ल आणि बीजांडाकडून प किंवा याच्या उलट. म्हणून एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. एकास दोनास एक.

चार बिया पेरल्या तर एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरं येणारच, असा याचा अर्थ मुळीच नाही. चार बियांत नेमकं हेच वाटप येण्याची शक्यता पाचांत एकाहूनही कमी आहे. प्रत्येक बी स्वतंत्र असतं. आधीच्या बियांचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गुणोत्तर दिसायचं तर संख्या हवी.

समजा चाळीस बिया रुजल्या आणि फुलं आल्यावर मोजणी झाली ती 13 लाल, 19 गुलाबी आणि 8 पांढरी. अपेक्षा होती 10, 20, 10 अशी. हा फरक योगायोगाचा मानायचा की काहीतरी बिनसलं असं म्हणायचं? त्यासाठी काय-वर्ग नावाची साधी चाचणी आहे. प्रत्येक गटातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागायचं. लाल गटात फरक तीनाचा, वर्ग नऊ, भागिले दहा म्हणजे 0.9. गुलाबीत फरक एकाचा, म्हणून 0.05. पांढऱ्यात फरक दोनाचा, म्हणून 0.4. बेरीज 1.35. तीन गटांच्या मोजणीत ही बेरीज साधारण सहाच्या आत राहिली तर एवढा फरक नशिबाने पडू शकतो असं धरतात. इथे तर ती दीडच्याही आत आहे. पण मोजणी 20 लाल, 10 गुलाबी आणि 10 पांढरी आली असती, तर बेरीज 15 झाली असती. मग एकास दोनास एक हे गृहीतक सोडावं लागलं असतं, किंवा मोजणाऱ्याने गडद गुलाबी झाडं लालमध्ये धरली की काय, हे पाहावं लागलं असतं.

दुसरी शंका वरचेवर खरी निघते. एकाच झाडाची फुलं ताजी असताना आणि उतरताना वेगळ्या छटेची दिसतात. अशा वेळी रंगावर वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या झाडाचं स्वपरागण झालेलं बी पेरावं. शुद्ध लाल झाडाच्या बियांतून फक्त लाल येतील. पुढच्या पिढीत पांढरं झाड उगवलं, तर ते लाल वाटलेलं झाड प्रत्यक्षात गुलाबी होतं.

यातून बागकाम करणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट निघते. गुलाबी गुलबक्षीचं ‘शुद्ध’ बियाणं या संकरातून कधीच तयार होत नाही. दहा पिढ्या फक्त गुलाबी झाडांचं बी ठेवलं, तरी दर पिढीत निम्मी झाडं गुलाबी सोडून जाणारच. गुलाबीच हवी असेल तर दोन मार्ग. दर वेळी शुद्ध लाल आणि शुद्ध पांढऱ्याचा संकर करायचा, म्हणजे सगळं बी गुलाबीचं. नाहीतर आवडत्या झाडाचा जमिनीतला कंद जपायचा. कंदातून तेच झाड पुन्हा फुटतं, तिथे जनुकांची फेरवाटणी होत नाही.

परत आलेला लाल रंग आजोबांच्या लालइतकाच गडद असतो आणि पांढरं तितकंच स्वच्छ, हे मात्र विशेष. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांची समजूत होती की आईबापांचे गुण संततीत मिसळतात आणि मिसळले की वेगळे होत नाहीत. डार्विनलाही या समजुतीने अडचणीत आणलं होतं. फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने 1867 मध्ये आक्षेप घेतला की एखादा उपयुक्त नवा गुण दर पिढीत निम्मा होत होत विरून जाईल, मग निवड कशाची होणार? वरवर पाहता गुलाबी गुलबक्षी हा मिसळण्याचाच पुरावा वाटतो, पण तिची मुलं त्याच्या उलट साक्ष देतात. मिसळला तो फुलातला रंग. जनुकाच्या प्रती अलगच राहिल्या.

मग वाटाणा आणि गुलबक्षी यांचे नियम वेगळे आहेत का? नाहीत, आणि हे मेंडेललाच माहीत होतं. त्याने दुसऱ्या पिढीतल्या जांभळ्या फुलांच्या 100 झाडांचं बी वेगवेगळं पेरून पाहिलं. 36 झाडांची संतती निव्वळ जांभळी निघाली, 64 झाडांच्या संततीत पांढरीही आली. म्हणजे तीनास एक मधले ते ‘तीन’ एकजिनसी नव्हते. त्यांत एक भाग शुद्ध आणि दोन भाग मिश्र होते. वाटाण्यातही आत एकास दोनास एकच आहे, फक्त तिथे मिश्र झाड शुद्ध झाडासारखं दिसतं. मेंडेलला जे काढायला आणखी एक पिढी पेरावी लागली, ते गुलबक्षी बागेत उभ्या उभ्या दाखवते.

हा फरक का पडतो? जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची सूचना. रंगाच्या बाबतीत हे प्रथिन बहुधा रंगद्रव्य बनवणारं विकर असतं, किंवा ते बनवण्याचा हुकूम देणारं नियंत्रक. पांढरी प्रत म्हणजे बहुतेकदा बिघडलेली सूचना, तिच्यातून कामाचं प्रथिन निघत नाही. मिश्र झाडाकडे एकच चालू प्रत असते. तेवढ्या प्रथिनातून पाकळी भरेल इतका रंग होत असेल, तर झाड पूर्ण रंगीत दिसतं आणि आपण रंगाला प्रभावी म्हणतो. तेवढं प्रथिन पुरत नसेल, तर रंगद्रव्य कमी पडतं आणि फूल फिकं होतं. कॅक्सर आणि बर्न्स या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये दाखवून दिलं की बऱ्याच विकरांच्या बाबतीत पहिलीच स्थिती का असते. रंग तयार होण्याची साखळी अनेक टप्प्यांची असते, आणि त्यातल्या एका विकराचं प्रमाण निम्मं झालं तरी अखेरच्या उत्पादनाला सहसा फारसा धक्का बसत नाही. याचा अर्थ पांढरी प्रत वाटाण्यात ‘दबली’ जात नाही. लाल किंवा जांभळी प्रत तिला काही करत नाही. प्रश्न असतो तो उरलेली एक प्रत पुरते की नाही, एवढाच. स्नॅपड्रॅगनच्या लाल-पांढऱ्या संकरातही असंच गुलाबी फूल येतं, म्हणून पाठ्यपुस्तकांत गुलबक्षीशेजारी त्याचंही चित्र असतं.

सहप्रभाविता ही याहून वेगळी गोष्ट. तिथे दोन्ही प्रती चालू असतात आणि प्रत्येक प्रत आपापलं उत्पादन बनवते. मिश्र जीवात दोन्ही उत्पादनं शेजारी शेजारी, पूर्णपणे ओळखू येतात. मधली छटा नसते. एबी रक्तगट हे सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण. त्या माणसाच्या लाल पेशींवर ए आणि बी दोन्ही खुणा असतात, आणि रक्त तपासताना त्या पेशींच्या गुठळ्या दोन्ही चाचणीद्रवांत होतात.

इथे पुष्कळ पुस्तकांत फसगत होते. सहप्रभाविता समजावताना लाल-पांढऱ्या ठिपक्यांचं किंवा पट्ट्यांचं फूल काढतात आणि खाली लिहितात, दोन्ही रंग दिसतात म्हणून सहप्रभाविता. जरा विचार केला की अडचण लक्षात येते. मिश्र झाडाच्या प्रत्येक पेशीत ल आणि प दोन्ही प्रती असतात. दोन्ही प्रती सगळीकडे आपापलं काम करत असतील, तर फुलाचा एक भाग निव्वळ लाल आणि शेजारचा निव्वळ पांढरा का व्हावा? तसं व्हायचं असेल तर काही पेशींत रंगाचं जनुक चालू आणि काहींत बंद असायला हवं. म्हणजे ठिपक्यांना वेगळं कारण लागतं.

ते कारण गुलबक्षीतच पाहायला मिळतं. संध्याकाळी एखाद्या झाडाजवळ नीट वाकून पाहिलं, तर एकाच फांदीवर एक फूल पूर्ण पिवळं, दुसऱ्यावर लाल शिंतोडे, तिसऱ्याची निम्मी वर्तुळाकार कड लाल आणि एखादं अख्खं लाल, असं दिसतं. कोणतीही दोन फुलं सारखी नसतात. फुलांमधल्या अशा शिंतोड्यांमागे पुष्कळदा डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा असतो. तो रंगाच्या जनुकात घुसून बसला की जनुक बंद पडतं. फूल वाढत असताना एखाद्या पेशीत तो तिथून निघून गेला की त्या पेशीत जनुक पुन्हा चालू होतं आणि तिच्यापासून विभागून झालेल्या सगळ्या पेशी रंगीत होतात. तुकडा लवकर निघाला तर मोठा पट्टा, उशिरा निघाला तर बारीक ठिपका. स्नॅपड्रॅगनच्या रंगाच्या जनुकांत असे तुकडे सापडलेले आहेत. मक्याच्या दाण्यांवरून बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ही घटना 1940 च्या दशकात ओळखली होती, आणि तिच्यासाठी त्यांना 1983 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

ओळखायची खूण अशी. ठिपके सहप्रभावितेमुळे असते, तर दोन शुद्ध जातींच्या संकरातून आलेली सगळी झाडं सारखीच ठिपकेदार असती, आणि त्यांच्या बियांतून नेमाने एक लाल, दोन ठिपकेदार, एक पांढरं असं वाटप आलं असतं. उड्या मारणाऱ्या तुकड्याच्या बाबतीत एकाच झाडावर ठिपक्यांचा आकार आणि संख्या फुलागणिक बदलते, आणि अख्खं रंगीत फूल किंवा फांदीही निघते.

फुलात खरी सहप्रभाविता पाहायची तर रंगाच्या आत शिरावं लागतं. गुलाबी झाडाच्या पानातून डीएनए काढला, रंगाच्या जनुकाचा भाग प्रयोगशाळेत वाढवला आणि जेलच्या पाटीवर विजेच्या प्रवाहात सोडला, आणि ल व प या प्रतींची लांबी वेगळी असली, तर लाल झाडाचा एक पट्टा दिसतो, पांढऱ्याचा दुसऱ्या उंचीवर एक, आणि गुलाबीचे दोन्ही. पीकसुधारणा करणारे शास्त्रज्ञ अशा खुणांना सहप्रभावी खुणाच म्हणतात, कारण त्यांच्यामुळे रोप फुलायच्या आधीच कळतं की ते शुद्ध आहे की मिश्र. पाटीवर चाळीस रोपांचे पट्टे मोजले तरी गुणोत्तर तेच, एकास दोनास एक. म्हणजे नुसत्या गुणोत्तरावरून अपूर्ण प्रभाविता आणि सहप्रभाविता यांत फरक करता येत नाही. दोन्हींत मिश्र जीव वेगळा ओळखू येतो, म्हणून दोन्हींत तीन गट पडतात. फरक ठरतो तो मधल्या गटाकडे पाहून. त्यात मधली छटा आहे, की दोन्ही गुण अख्खेच्या अख्खे आहेत?

आणि उत्तर कुठल्या पातळीवर पाहतो त्यावर अवलंबून असतं. गुलाबी झाड फुलाच्या रंगात अपूर्ण प्रभाविता दाखवतं आणि जेलवर तेच जनुक सहप्रभावी ठरतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सिकलसेलमध्ये. हा आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात बऱ्याच कुटुंबांत आढळतो. ज्याच्याकडे हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक नेहमीची आणि एक सिकल प्रत आहे, तो वाहक. वाहक रोजच्या जगण्यात सहसा निरोगी असतो, त्या अर्थाने सिकल प्रत अप्रभावी. त्याच्या पेशी ऑक्सिजन अगदी कमी झाल्यावर वाकड्या होऊ शकतात, पण रुग्णाच्या पेशींपेक्षा कमी सहज, त्या अर्थाने अपूर्ण प्रभाविता. आणि त्याचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला लावलं की नेहमीच्या आणि सिकल हिमोग्लोबिनचे दोन्ही पट्टे दिसतात, साधारण साठ आणि चाळीस टक्क्यांच्या प्रमाणात. ही सहप्रभाविता. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये विजेच्या प्रवाहात हीच दोन हिमोग्लोबिनं वेगळी करून दाखवली होती.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर गुलाबी गुलबक्षीचाच हिशेब लागू होतो. मूल पूर्ण मोकळं असण्याची शक्यता पाव, वाहक असण्याची अर्धी आणि आजारी असण्याची पाव. समुपदेशनाच्या वेळी पुष्कळांचा इथेच गैरसमज होतो. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तिघं ठीक असतील, असं घरच्यांना वाटतं. पण बियांसारखंच इथेही आधीच्याचा पुढच्याशी संबंध नसतो. प्रत्येक गरोदरपणात ती पाव शक्यता जशीच्या तशी असते. म्हणूनच लग्नाआधी दोघांची तपासणी झालेली असावी आणि वाहक जोडप्याने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना तसं सांगावं.